बारा ऑगस्टची न झालेली सभा

शिरूर आणि दौंड तालुक्यांत ‘प्रोसिडिंग’ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गावची विकास सोसायटी, दूध संस्था, न्हावऱ्याचा घोडगंगा, पाटसचा भीमा, अशा सहकारी संस्थांमुळे सभा आणि ठराव हे शब्द घराघरांत पोचलेले आहेत. मात्र त्या संस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली चालतात. रांजणगाव, सणसवाडी आणि कुरकुंभच्या शेडमधल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांना २०१३ चा कंपनी कायदा लागतो. प्रोसिडिंग, रजिस्टर आणि फॉर्म भरल्याच्या तारखा तपासायला मी या कंपन्यांमध्ये जाते, तेव्हा पुढचे पाच गैरसमज हमखास भेटतात.

“आमची प्रायव्हेट कंपनी आहे, आम्हाला सेक्रेटरियल ऑडिट लागत नाही.”

हे अर्धं खरं आहे. कलम २०४ खालचं सक्तीचं सेक्रेटरियल ऑडिट मुख्यतः शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठ्या पब्लिक कंपन्यांसाठी आहे. पण १ एप्रिल २०२० रोजी किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून, बँका आणि सार्वजनिक वित्तसंस्थांचं १०० कोटी किंवा त्याहून जास्त कर्ज शिल्लक असलेल्या प्रत्येक कंपनीला ते लागतं, मग ती प्रायव्हेट का असेना. कुरकुंभच्या एखाद्या रसायन कारखान्याला हा आकडा गाठणं अवघड नाही. बाकीच्या कंपन्यांत ही तपासणी ऐच्छिक असते आणि बहुधा बँक, नवा गुंतवणूकदार किंवा घरातली वाटणी यांपैकी कुणीतरी ती मागतं. सक्ती नसते ती ऑडिटची. सभा घेणं, रजिस्टर ठेवणं आणि वेळेत फॉर्म भरणं हे सगळ्यांनाच बंधनकारक आहे.

“वर्षात दोन मीटिंग दाखवल्या की झालं.”

छोट्या कंपनीला दोन सभा पुरतात, हे खरं. पण एक सभा जानेवारी ते जून या सहामाहीत आणि दुसरी जुलै ते डिसेंबरमध्ये हवी, शिवाय दोन्हींत किमान ९० दिवसांचं अंतर हवं. २८ जून आणि ५ जुलै अशा तारखा टाकल्या तर दोन्ही सहामाह्या भरल्यासारख्या दिसतात, पण अंतर सातच दिवसांचं राहतं. छोटी नसलेल्या कंपनीला वर्षात चार सभा लागतात आणि लागोपाठच्या दोन सभांत १२० दिवसांपेक्षा जास्त खंड चालत नाही. इथं एक फसगत होते. दुसऱ्या कंपनीची उपकंपनी असलेली कंपनी कितीही लहान असली, तरी कायद्याच्या व्याख्येत ती ‘छोटी’ ठरत नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही दोन सभांची सवलत नाही. त्यांना दर तीन महिन्यांत एक सभा घ्यावीच लागते.

“प्रोसिडिंग काय, नंतरही लिहिता येतं.”

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं होतं, म्हणून इथं एक उदाहरण सविस्तर मांडते. ओळख पटू नये म्हणून कंपनीचे तपशील बदलले आहेत.

दोघे भाऊ, दोघेच संचालक. रांजणगावला मशीन शॉप, कुरकुंभला दुसरं शेड. उलाढाल १८ कोटींची, कंपनी छोटी. नव्या मशीनसाठी बँकेकडून कर्ज घेतलं होतं. जानेवारी २०२६ मध्ये तपासणीला बसले तेव्हा थोरल्या भावाला काळजी होती ती ५ मे २०२४ च्या सभेची. “मॅडम, त्या दिवशी रविवार होता. ती सभा बाद होईल का?” बाद होत नाही. संचालकांची सभा कुठल्याही दिवशी घेता येते. लेखी सूचना सात दिवस आधी गेली होती, दोघेही हजर होते, त्यामुळे सभा पक्की होती.

अडचण दुसरीकडं निघाली. प्रोसिडिंग बुकात ५ मेची सभा पान ४१ वर संपत होती आणि २ सप्टेंबरची, हिशेब मंजूर करण्याची सभा पान ४२ वर सुरू होत होती. बँकेच्या फाईलमध्ये मात्र १२ ऑगस्ट २०२४ च्या ठरावाची प्रमाणित प्रत होती: कर्ज घ्यायचं, मशीन तारण द्यायचं, सह्या थोरल्या भावानं करायच्या. प्रत होती, पण ज्याची ती प्रत तो मूळ ठरावच कुठं नव्हता. बँकेनं नमुना दिला, ऑफिसनं तो लेटरहेडवर छापला आणि सही झाली. सभा झालीच नव्हती.

“मग आता लिहून ठेवू की,” धाकटा म्हणाला. त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, त्याला ते खरंच एक राहिलेलं काम वाटत होतं. मी त्याला त्याचा पासपोर्ट आणायला सांगितला. ९ ते १८ ऑगस्ट तो परदेशात होता. गणपूर्तीला किमान दोन संचालक लागतात आणि या कंपनीत आहेतच दोन. व्हिडिओवर सभा घेता आली असती, पण तशीही घेतलेली नव्हती. सभेशिवाय ठराव फिरवून सह्या घेण्याची सोय कायद्यात आहे, पण कर्ज घेण्याचा ठराव त्या वाटेनं करता येत नाही. तो सभेतच व्हावा लागतो.

म्हणजे १२ ऑगस्टचं पान आता लिहिलं असतं तर ते बारा ठिकाणी उघडं पडलं असतं. बुकाची पानं ओळीनं क्रमांक टाकलेली असतात, ४१ आणि ४२ च्या मध्ये जागा नसते. सुट्या पानांचं बुक असेल तर पुढची सगळी पानं नव्यानं छापावी लागतात, आणि मग २०२४ च्या सभेच्या पानांवर सहीची शाई २०२६ ची येते. वार्षिक विवरणपत्रात त्या वर्षातल्या सभांच्या तारखा आधीच भरून गेलेल्या होत्या आणि त्यांत १२ ऑगस्ट नव्हता. उलट तारणाची नोंद करण्याच्या सीएचजी-१ फॉर्ममध्ये ‘संचालक मंडळाच्या ठरावानुसार’ या ओळीपुढं तीच तारीख टाकलेली होती. सरकारी पोर्टलवर एकाच कंपनीच्या दोन फॉर्ममध्ये दोन वेगळ्या हकिगती होत्या.

सभा संपल्यापासून ३० दिवसांत प्रोसिडिंग बुकात उतरलं पाहिजे, असं कलम ११८ सांगतं. उशिरा लिहिलं तर कंपनीला २५ हजार आणि जबाबदार अधिकाऱ्याला ५ हजार दंड होऊ शकतो. छोट्या कंपनीला त्यात निम्मी सूट मिळते. पण प्रोसिडिंगमध्ये फेरफार सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार ते एक लाख रुपये दंड आहे. उशीर आणि बनाव यांत एवढं अंतर आहे. म्हणून मी प्रत्येक वेळी सांगते, भोक राहिलं असेल तर ते भोक म्हणूनच दिसू द्या.

“पोर्टलवर सगळं आहे, मग रजिस्टर कशाला?”

याच कंपनीत वडिलांचे ४०० शेअर सुनेच्या नावावर केल्याचं वार्षिक विवरणपत्रात तीन वर्षं दिसत होतं. सभासदांचं रजिस्टर उघडलं तर शेअर अजून वडिलांच्याच नावावर. हस्तांतरणाचा एसएच-४ फॉर्म कुणालाच सापडला नाही.

आपल्याकडं जमिनीच्या व्यवहारातून हे लवकर कळतं. एसएच-४ म्हणजे खरेदीखत, संचालक मंडळाची मंजुरी म्हणजे फेरफार, आणि सभासदांचं रजिस्टर म्हणजे सातबारा. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नसतो, तरी उलट सिद्ध होईपर्यंत तोच धरला जातो. कलम ९५ रजिस्टरला तोच दर्जा देतं. पोर्टलवरचं विवरणपत्र ही त्या रजिस्टरची वर्षातून एकदा पाठवलेली माहिती आहे. मूळच कोरं असेल तर माहिती कशाच्या आधारावर गेली, हे सांगता येत नाही. सही झाल्यापासून ६० दिवसांत एसएच-४ कंपनीकडं यावा लागतो आणि मंडळानं मंजुरी दिल्यापासून सात दिवसांत रजिस्टरमध्ये नोंद व्हावी लागते. इथं वडील हयात होते, म्हणून नवा फॉर्म करून व्यवहार आजच्या तारखेनं सरळ झाला. ते गेल्यावर हे निघालं असतं, तर बाकीच्या वारसांचा हक्क उभा राहिला असता.

तारणांच्या रजिस्टरमध्येही बँकेच्या कर्जाची नोंद नव्हती. “ते बँकच करते ना?” असं उत्तर आलं. तारणाची नोंद करण्याची पहिली जबाबदारी कंपनीची आहे. तारणखतावर सही झाल्यापासून ३० दिवसांत सीएचजी-१ जायला हवा. जादा शुल्क भरून १२० दिवसांपर्यंत तो भरता येतो, त्यापुढं तो भरण्याची सोय कायद्यात नाही. इथं खत २० ऑगस्टचं आणि फॉर्म ३ ऑक्टोबरचा होता. मुदत १९ सप्टेंबरला संपली होती, पण जादा शुल्कात काम भागलं होतं.

“लेट फी भरली, विषय मिटला.”

वार्षिक सभा ३० सप्टेंबर २०२४ ला झाली, ती वेळेत. ताळेबंदाचा एओसी-४ फॉर्म ३० ऑक्टोबरपर्यंत आणि विवरणपत्राचा एमजीटी-७ए २९ नोव्हेंबरपर्यंत जायला हवा होता. दोन्ही गेले १५ जानेवारी २०२५ ला. उशीर ७७ आणि ४७ दिवसांचा, प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, म्हणजे ७,७०० अधिक ४,७००, एकूण १२,४०० रुपये. या आकारणीला वरची मर्यादा नाही, तीन वर्षं राहिलं तर एकाच फॉर्मचे लाखावर रुपये होतात.

जादा शुल्क हा दंड नाही. ते भरूनही कंपनी निबंधक वेगळा दंड लावू शकतात. मात्र याच दोन फॉर्मांबाबत कायद्यात दिलासा आहे. निबंधकांची नोटीस निघण्याआधी किंवा निघाल्यापासून ३० दिवसांत फॉर्म भरला, तर दंड लागत नाही. त्यामुळे एओसी-४ आणि एमजीटी-७ए पुरता भावांचा विषय खरोखर मिटला होता. ही सवलत सगळ्याच फॉर्मांना आहे असं मात्र समजू नये.

उरला प्रश्न १२ ऑगस्टचा. १२ जानेवारीला लेखी सूचना काढून २० जानेवारी २०२६ ला सभा घेतली. दोघेही समोर होते. कर्जाला मंजुरी देणारा ठराव आजच्या तारखेनं झाला. बँकेला खुलाशाचं पत्र गेलं आणि सीएचजी-१ मधल्या चुकीच्या विधानाबद्दल वकिलांचा सल्ला घ्यायचं ठरलं. आजच्या ठरावानं ते विधान खरं ठरत नाही, हे दोघांनाही स्पष्ट सांगितलं. माझ्या अहवालात हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर गेला. प्रोसिडिंगमध्ये त्या विषयाखाली थोरल्यानं स्वतः सांगितलेलं वाक्य उतरलं: “दि. १२ ऑगस्ट २०२४ रोजी सभा झाली नव्हती, त्या तारखेची ठरावाची प्रत सभेविना देण्यात आली होती.” धाकट्यानं ते दोनदा वाचलं आणि शेवटचं ‘होती’ काढायचं का, असं विचारलं. थोरला म्हणाला, “राहू दे.”