बिघाड कुठून कुठवर?

आकड्यांची ही रांग पाहा: 3, 7, 12, 18, 15, 25, 9, 21, 30, 34. रांग जवळजवळ चढती आहे, फक्त मधे काहीतरी बिघडलंय. प्रश्न असा, की या रांगेतला सलग असा सर्वांत छोटा तुकडा कोणता, जो तेवढाच सॉर्ट केला की सगळी रांग चढत्या क्रमाने लागेल? प्रोग्रॅमिंगच्या मुलाखतींमध्ये हा प्रश्न बऱ्याचदा विचारला जातो. दिसतो सोपा, पण पहिलं सुचणारं उत्तर बहुधा चुकतं.

पहिलं सुचतं ते असं. जिथे क्रम पहिल्यांदा मोडतो तिथे तुकडा सुरू करायचा आणि जिथे शेवटचा मोडतो तिथे संपवायचा. आपल्या रांगेत 18 नंतर 15 येतो, ही पहिली मोड. 25 नंतर 9 येतो, ही शेवटची. म्हणजे तुकडा झाला 18, 15, 25, 9. तो सॉर्ट केला की रांग होते 3, 7, 12, 9, 15, 18, 25, 21, 30, 34. अजून दोन जागी बिघाड आहेच! डावीकडे 12 नंतर 9 आला, उजवीकडे 25 नंतर 21. शेजारच्या दोन आकड्यांची तुलना पुरत नाही, कारण 9 ची खरी जागा 12 च्याही आधी आहे आणि 25 ची 21 च्याही नंतर.

मग बघायचं काय? शेजारी नाही, तर उलटी जोडी: डावीकडे मोठा आणि उजवीकडे, कितीही लांब का असेना, लहान आकडा. अशा जोडीतले दोन्ही आकडे तुकड्यात यायलाच हवेत. एक जरी बाहेर राहिला, तरी सॉर्ट केल्यावरही मोठा आकडा लहानाच्या आधीच राहील. म्हणून तुकड्याचं उजवं टोक म्हणजे ज्याच्या डावीकडे त्याच्याहून मोठा आकडा आहे, असा सर्वांत उजवीकडचा आकडा. डावं टोक म्हणजे ज्याच्या उजवीकडे त्याच्याहून लहान आकडा आहे, असा सर्वांत डावीकडचा आकडा.

हे शोधायला प्रत्येक जोडी तपासावी लागत नाही. डावीकडून जाताना आतापर्यंतचा सर्वांत मोठा आकडा तेवढा लक्षात ठेवायचा. 18 लक्षात असताना 15 आला. तो लहान, म्हणून उजवं टोक तात्पुरतं पाचव्या जागेवर. मग 25 आला, तो नवा मोठा. 9 लहान, टोक सातव्या जागेवर. 21 सुद्धा 25 पेक्षा लहान, टोक आठव्या जागेवर. 30 आणि 34 मोठेच आहेत, त्यामुळे टोक तिथेच थांबलं. उजवीकडून येताना याच्या उलट: सर्वांत लहान लक्षात ठेवायचा. 34, 30, 21, 9 असं तो उतरत जातो, आणि मग 25, 15, 18, 12 हे सगळे 9 पेक्षा मोठे निघतात. 7 मात्र लहान आहे. डावं टोक तिसऱ्या जागेवर. तुकडा तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत, सहा आकड्यांचा.

दोन्ही चाली एकाच लूपमध्ये बसतात. एक इंडेक्स पुढे सरकतो, दुसरा मागे:

```python
def tukda(a):
    start, end = 0, -1
    hi, lo = a[0], a[-1]
    for i in range(len(a)):
        j = len(a) - 1 - i
        if a[i] < hi: end = i
        else: hi = a[i]
        if a[j] > lo: start = j
        else: lo = a[j]
    return end - start + 1
```

(रांग रिकामी नाही, असं इथे गृहीत धरलं आहे.)

सरळ रस्ता म्हणजे रांगेची प्रत काढून ती सॉर्ट करायची आणि मूळ रांगेशी ताडून पाहायची. उत्तर तेही बरोबरच येतं. पण दहा लाख आकड्यांना सॉर्टिंगमध्ये साधारण दोन कोटी तुलना लागू शकतात. वरच्या लूपमध्ये वीस लाखांत काम होतं आणि प्रतही लागत नाही. माझ्या मते हीच पद्धत शिकण्यासारखी आहे, कारण ती बरोबर का आहे हे उलट्या जोडीवरून स्वतःला पटवता येतं.

कोडमध्ये दोन जागा नाजूक आहेत. `end` ची सुरुवात -1 आहे, म्हणून आधीच सॉर्ट असलेल्या रांगेला उत्तर 0 येतं. तिथे 0 ठेवलं तर 1 येईल. आणि `<` च्या जागी `<=` लिहिलं, तर सारखे आकडे विनाकारण तुकड्यात ओढले जातात. म्हणून कोड लिहून झाल्यावर 1, 2, 2, 3 ही रांग नक्की चालवून पाहा. उत्तर 0 यायला हवं. मग 2, 3, 4, 5, 1 द्या. इथे जागा चुकलेला आकडा एकच, पण उत्तर 5 आहे.