फॉन्ट टाकला, तरी मराठी का उमटत नाही?

मे महिना संपत आला की काजवे पाहायला भंडारदऱ्याला गर्दी होते आणि शेंडीपासून घाटघर-रतनवाडीपर्यंतच्या होमस्टेवाल्यांच्या मोबाइलवर दरपत्रकाची मागणी सुरू होते. समजा, शेंडीतल्या एका घरच्यांनी काही वर्षांपूर्वी डीटीपीच्या दुकानातून असं दरपत्रक करून घेतलं होतं. त्याची वर्डची फाइल आहे, फक्त आकडे बदलायचे आहेत. फाइल मोबाइलवर उघडली तर मथळ्याच्या जागी हे दिसतं:

```
HkaMkjnjk
```

कोणी तरी सांगतं, ‘मोबाइलमध्ये मराठी फॉन्ट नाही, तो डाउनलोड कर.’ मग फॉन्टच्या नावाखाली काहीबाही उतरवलं जातं आणि अक्षरं तशीच राहतात. मराठी टायपिंगविषयीचे बहुतेक गैरसमज या एका सल्ल्यात सापडतात, म्हणून हाच प्रसंग धरून पुढे जाऊ.

‘फॉन्ट नाही म्हणून मराठी दिसत नाही’

त्या मोबाइलमध्ये देवनागरी फॉन्ट आहेच. त्याच मोबाइलवर व्हॉट्सॲपचे मराठी निरोप नीट वाचता येतात, हा त्याचा पुरावा. आजच्या अँड्रॉइड फोनवर, आयफोनवर आणि विंडोजवर देवनागरी फॉन्ट कंपनीकडूनच भरलेला येतो. अडचण फाइलमध्ये आहे. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं कधी नव्हतीच, होती ती रोमन अक्षरं.

पूर्वीच्या संगणकांत एका फॉन्टमध्ये अक्षरांसाठी जेमतेम 256 जागा असत आणि त्या रोमन लिपी गृहीत धरून आखलेल्या होत्या. फॉन्ट बनवणाऱ्यांनी वाट काढली ती अशी, की या रोमन जागांवरच देवनागरीचे तुकडे बसवले. कृतिदेव या फॉन्टमध्ये `H` च्या जागी अर्धा भ आहे, `k` च्या जागी काना, `a` च्या जागी अनुस्वार, `M` च्या जागी ड. म्हणून `HkaMkjnjk` ही अक्षरं कृतिदेवमधून पाहिली की डोळ्यांना ‘भंडारदरा’ दिसतं. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरंच राहतात. श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रत्येक घराण्याने तुकडे आपापल्या पद्धतीने बसवले, त्यामुळे एकातला मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडला की निराळाच गोंधळ दिसतो.

1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीला स्वतःच्या जागा मिळाल्या. त्यात भ म्हणजे भच, मग फॉन्ट कोणताही असो. विंडोज 2000 बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट घरोघरच्या संगणकांत पोहोचला. तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला. डीटीपीच्या दुकानांत मात्र जुने फॉन्ट पुढेही अनेक वर्षं चालत राहिले, कारण छपाईपुरतं त्यांचं काम चोख होतं. कागदावर आकार उमटला की झालं, आत काय आहे हे कोण पाहतो? तोच मजकूर मोबाइलवर पाठवायचा, शोधायचा किंवा दुरुस्त करायचा झाला की आतली गोष्ट बाहेर पडते.

आपली फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. संगणकावर एखादा शब्द निवडा आणि त्याचा फॉन्ट बदलून एरियल करा. रोमन अक्षरं उमटली तर मजकूर जुन्या पद्धतीचा, मराठी राहिलं तर युनिकोड. जुना फॉन्ट संगणकात बसवला तर कृतिदेवची फाइल तिथे छान दिसेल, हे खरं. पण तोच मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला की पुन्हा `HkaMkjnjk`. गैरसमज घट्ट होतो तो इथेच, कारण एका पडद्यावर उपाय लागू पडल्यासारखा वाटतो.

खरा उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणं. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण आधी फाइल ज्या फॉन्टमध्ये केली त्याचं नेमकं नाव फॉन्टच्या चौकटीत पाहून टिपून ठेवा, आणि परिवर्तक त्याच फॉन्टचा निवडा. बदललेला मजकूर डोळ्यांखालून घालावाच लागतो. जुन्या फॉन्टमध्ये तुकडे दिसतात त्या क्रमाने टाइप होत. ‘किल्ला’ कृतिदेवमध्ये `fdYyk` आहे, म्हणजे पहिली वेलांटी आधी आणि क नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम लागतो, म्हणजे क आधी आणि वेलांटी नंतर. रफाराचंही असंच: जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येई, युनिकोडमध्ये र् आधी येतो. हे उलटंपालटं करताना परिवर्तक चुकतात, म्हणून वेलांट्या, रफार, जोडाक्षरं आणि दरांचे आकडे आधी तपासा.

‘टाइप करायला फॉन्ट लागतो’

फॉन्ट फक्त अक्षराचा चेहरा ठरवतो. कोणती कळ दाबली की कोणतं अक्षर यायचं, हे कीबोर्ड ठरवतो, आणि बहुतेकांना हवा असतो तो हाच. तो बाहेरून आणण्याचीही गरज क्वचितच पडते.

विंडोज 11 मध्ये सेटिंग्जमधल्या `Time & language` खाली `Language & region` मध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची. तिच्या पर्यायांत दोन कीबोर्ड मिळतात. `Marathi` हा इनस्क्रिप्ट, तर `Marathi Phonetic` हा रोमन स्पेलिंगवरून मराठी करणारा. विंडोजची कळ धरून स्पेस दाबला की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. अँड्रॉइडवर जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये `Languages`, मग `Add keyboard`, मग मराठी. तिथे थेट देवनागरी कळांचा आणि रोमनवरून मराठी करणारा, असे दोन्ही प्रकार निवडता येतात. रोज लिहिणाऱ्याने इनस्क्रिप्ट शिकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रोमन स्पेलिंगच्या पद्धतीत शब्द सुचवण्याचं काम यंत्र करतं, इनस्क्रिप्टमध्ये तुम्ही दाबाल तेच अक्षर येतं. ‘भंडारदरा’ साठी कळा या:

```
Y x [ e j o j e
```

पहिली शिफ्टसह, बाकीच्या साध्या. आठ अक्षरचिन्हं, आठ कळा.

मराठीऐवजी हिंदी कीबोर्ड घेतला तरी चालेल, लिपी तर एकच, असंही अनेकांना वाटतं. मोबाइलवर त्याचा त्रास लगेच दिसतो. हिंदी शब्दसंग्रह ‘नाही’ लिहिताना ‘नहीं’ पुढे करत राहतो. ‘ॲडव्हान्स’ मधला ॲ हा मराठीचा, युनिकोडमध्ये 2008 साली आलेला. हिंदीची पद्धत ऍ लिहिण्याची. दिसायला फरक थोडा, पण ही दोन वेगळी अक्षरं आहेत आणि एक शोधताना दुसरं सापडेलच असं नाही.

‘ऱ्य या फॉन्टमध्ये नाही’

भंडारदऱ्याच्या माणसांना ही अडचण रोज येते, कारण गावाच्या नावाला विभक्ती लागली की ऱ्य येतोच: भंडारदऱ्याला, भंडारदऱ्याची, भंडारदऱ्यात. र, हलन्त आणि य असं टाइप केलं तर र्य होतो आणि ‘भंडारदर्याला’ उमटतं. मग फॉन्टला दोष दिला जातो आणि नवा फॉन्ट शोधला जातो. पण र् पुढे य आला की रफार द्यायचा, हा देवनागरीचा नियमच आहे. फॉन्ट तो पाळतो. ऱ्य साठी र ऐवजी ऱ हे स्वतंत्र अक्षर घ्यावं लागतं, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्टमध्ये ऱ शिफ्टसह `j` वर आहे, म्हणून ‘भंडारदऱ्याला’ च्या कळा अशा:

```
Y x [ e j o J d / e n e
```

इथे फॉन्टचा दोष आणि टायपिंगचा दोष वेगळा ओळखता येतो. डोक्यावर रफार दिसला तर अक्षर चुकीचं घेतलं आहे. अक्षर बरोबर घेऊनही ऱ खालचा टिंब आणि पाय मोडलेला तसाच दिसला, तर मात्र फॉन्ट किंवा सॉफ्टवेअर जुनं आहे, आणि तेव्हाच फॉन्ट बदलायचा.

‘रेंज नसली की मराठी टाइप होत नाही’

घाट उतरला की रेंज जाते, तेव्हा हा प्रश्न इथे खरोखरीचा आहे. ब्राउझरमध्ये पान उघडून रोमनवरून मराठी करायची साधनं इंटरनेटशिवाय चालत नाहीत. फोनच्या किंवा विंडोजच्या आतला कीबोर्ड मात्र रेंजविना चालतो. जीबोर्डची मराठी भाषा राजूर-अकोल्यात रेंज असतानाच जोडून ठेवावी, म्हणजे तिचा संग्रह फोनवर उतरतो.

‘फ्लेक्सवर अक्षरं तुटली, फॉन्ट खराब आहे’

दरपत्रकानंतर फलकाची पाळी. मजकूर आता युनिकोडमध्ये आहे, टाइपही बरोबर झाला आहे, आणि तरी फ्लेक्सच्या नमुन्यात ‘अमृतेश्वर’ मधल्या श चा पाय मोडलेला दिसतो, ‘शिखर’ ची वेलांटी श नंतर जाऊन बसते. देवनागरीत अक्षरं नुसती शेजारी ठेवून भागत नाही. वेलांटी मागे नेणं, श आणि व जोडून श्व करणं ही कामं सॉफ्टवेअरला फॉन्टमधल्या नियमांनुसार करावी लागतात. डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय मुळात बंद असते. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडावा लागतो, फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांतही टाइपच्या सेटिंग्जमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय असतो. तो चालू केला की त्याच फॉन्टमध्ये तेच शब्द जुळून येतात. जुन्या आवृत्तीत ही सोय नसेल तर नवे फॉन्ट टाकत बसण्यात काही अर्थ नाही.

चेहरा बदलायचा असेल, तर मात्र फॉन्ट जरूर बसवा. मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’, राज्य मराठी विकास संस्थेचे ‘यशोमुद्रा’ आणि ‘यशोवेणू’ हे युनिकोड फॉन्ट मोफत मिळतात. उतरवलेल्या फाइलवर उजवी कळ दाबून `Install` म्हटलं की काम झालं. मोबाइलवर सगळ्या फोनभर फॉन्ट बदलता येईलच असं नाही, पण चित्रं बनवणाऱ्या अनेक ॲपमध्ये स्वतःचा फॉन्ट जोडता येतो.

फ्लेक्सवाला बहुतेकदा ‘कर्व्ह करून पाठवा’ म्हणतो, म्हणजे अक्षरांचे चित्रात रूपांतर करून. त्यामुळे त्याच्याकडे तो फॉन्ट नसला तरी छपाई बिघडत नाही. पण कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये अक्षर म्हणून काही उरत नाही, पुढच्या हंगामात त्यात दर बदलता येत नाहीत. म्हणून कर्व्ह करण्याआधी ‘भंडारदऱ्याला’, ‘अमृतेश्वर’, ‘शिखर’ आणि सगळे आकडे मोठे करून तपासा, आणि युनिकोड मजकुराची मूळ फाइल स्वतःकडे वेगळी ठेवा.