वाचता येते, पण कळत नाही!

घनसावंगी तालुक्यातील एका वस्तीत रविवारच्या वंदनेनंतर आम्ही मुलांना घेऊन विहारात बसलो होतो. सहावीतल्या एका मुलीसमोर आम्ही वहीत एक वाक्य लिहून ठेवले: "पाण्याचे बाष्पीभवन होऊन तयार झालेली वाफ थंड पृष्ठभागाला लागली की तिचे संघनन होते." मुलीने ते खडाखडा वाचले. एकही जोडाक्षर चुकले नाही. "पोरगी चांगली वाचती, सर," तिचे वडील कौतुकाने म्हणाले. आम्ही विचारले, "बाळा, तिचे म्हणजे कोणाचे?" मुलगी म्हणाली, "पृष्ठभागाचे."

तिच्याच वर्गातला एक मुलगा तेच वाक्य "बा...ष्पी..." असे चाचपडत वाचू लागला. वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून निघून गेली होती. पण आम्ही तोच मजकूर सोप्या शब्दांत वाचून दाखवला, तेव्हा त्याने सगळे नीट सांगितले.

शाळेच्या भाषेत ही दोन्ही मुले 'कच्ची'. पण दोघांचे दुखणे वेगळे आहे. मुलाचे अडते ते अक्षरांत. बाराखडी आणि जोडाक्षरे हाताखालून पुरेशी गेली नाहीत, म्हणून सगळी शक्ती अक्षर जुळवण्यातच खर्च होते. दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला गेलेल्या लेकरांचे दुसरे सत्र कोपीवर जाते. जोडाक्षरांचा सराव तिथेच तुटतो. मुलीचे अडते ते अर्थात. तिला मजकूर वाचून दाखवला तरी कळत नाही. ओळखायची खूण एवढीच: ऐकून कळते पण वाचून कळत नाही, तर अक्षरांचा सराव हवा, ऐकूनही कळत नाही, तर शब्द आणि विषयाची ओळख हवी. काही मुलांना दोन्ही लागते.

तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते. त्या पुस्तकांत कोंबडी, अंगण, बाजार असे घरातलेच शब्द असतात. चौथी-पाचवीपासून मात्र वाचून शिकायचे असते. विज्ञान, भूगोल, इतिहास यांची पुस्तके परक्या शब्दांनी बोलू लागतात. 'संघनन', 'पृष्ठभाग' तर आहेतच. पण 'त्यामुळे', 'अन्यथा', 'यांपैकी' हे वाक्ये जोडणारे शब्दही लेकराने घरात क्वचितच ऐकलेले असतात. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तके आहेत, तिथे हे शब्द जेवताना कानावर पडतात. आमच्या घरात ते फक्त शाळेत भेटतात.

अमेरिकेतील हार्वर्डच्या जीन चॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली गरीब घरांतील मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिसरीपर्यंत ही मुले इतरांच्या बरोबरीने होती. चौथीपासून ती मागे पडू लागली, आणि सर्वांत आधी मागे पडली ती कमी वापरातल्या शब्दांच्या अर्थांत. म्हणजे बुद्धी कमी नव्हती. "यांच्या डोक्यातच नाही" हे आमच्या लेकरांबद्दलचे मनुवादी निदान साफ खोटे आहे!

त्या मुलीला आम्ही विचारले, "आई भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवते, झाकणाला आतून काय लागतं?" "पाणी." "ते कुठून आलं?" "वाफेचं झालं." आम्ही म्हणालो, "बाई, यालाच संघनन म्हणतात." तिने वाक्य पुन्हा वाचले आणि स्वतःच सांगितले, "तिचे म्हणजे वाफेचे!" ज्ञान घरात होते, पुस्तकाच्या शब्दाशी त्याची गाठ कुणी घातली नव्हती. अर्थात एका शब्दाने वर्ष निघत नाही. अशा गाठी वर्षभर, प्रत्येक विषयात घालाव्या लागतात.

सरकारची 'निपुण भारत' योजना 2021 मध्ये आली. तिचे उद्दिष्ट तिसरीअखेर अर्थासह वाचता येणे हे आहे. पण खरी घसरण त्यानंतर सुरू होते. कायदा मात्र तिसरीला थांबत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 24(1)(घ) नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम 21 प्रमाणे अनुदानित व सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि त्यांत वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. आमचे किती पालक त्या सभेला जातात?

पुढच्या सभेत "पोरगं पास आहे का?" एवढेच विचारू नका. विचारा, "पाचवी ते आठवीतील किती मुलांना ऐकून कळते पण वाचून कळत नाही? किती मुलांना ऐकूनही कळत नाही? त्यांच्यासाठी कोणता जादा तास आहे?" आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी आश्वासन कायद्यापुढे टिकत नाही.

बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले, ते अक्षरे उच्चारण्यासाठी नव्हे. खडाखडा वाचणाऱ्या लेकराला या रविवारी विहारात एकच प्रश्न विचारा: "काय कळलं, ते तुझ्या शब्दांत सांग." तिथे ते गप्प झाले, तर आपले काम तिथूनच सुरू होते.

जय भीम!