कोठीतला दिवाण कोण हलवणार?

जुन्या इमारतीतला फ्लॅट भाड्यानं बघायला गेलं की एजंट हॉल दाखवतो, बेडरूम दाखवतो, खिडकीतून येणारा वारा दाखवतो. स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीच्या खोलीचं दार मात्र तो अर्धवट उघडून लगेच ओढून घेतो. "मालकांचं थोडं सामान आहे, काढतील ते." थोडं म्हणजे किती आणि काढतील म्हणजे कधी, हे त्याच क्षणी विचारायला हवं. आपण बहुतेकदा विचारत नाही, कारण घर पसंत पडलेलं असतं आणि दुसरं कुणीतरी ते घेऊन जाईल अशी धास्ती असते.

एक उदाहरण घेऊ. कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर ७०० चौरस फूट चटई क्षेत्राचा फ्लॅट आहे. भाडं २८ हजार, अनामत ८४ हजार. मालक नाशिकला राहतात, आधी इथं त्यांचे आईवडील राहत होते. ८ बाय ६ फुटांच्या कोठीत एक सागवानी दिवाण, लोखंडी कपाट, पितळी भांड्यांची ट्रंक, दोन गाद्या आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत. भाडेकरू जोडप्याला तिथं धान्याचे डबे, सायकल आणि सुटकेसा ठेवायच्या आहेत.

मालक हे सामान का काढत नाहीत, हे कळलं तर बोलणं सोपं होतं. आळस हे एक कारण असतं, पण सहसा ते एकमेव नसतं. दिवाण आईचा असतो. भावाबहिणींमध्ये ट्रंक कुणी न्यायची ते ठरलेलं नसतं. नाशिकच्या घरात जागा नसते आणि भंगारवाल्याला द्यायला मन धजत नाही. अशा माणसाला "तुमचं भंगार कधी उचलताय?" असं विचारलं तर तो दुखावतो आणि मग महिनाभर फोनच उचलत नाही. "काका, आईंच्या वस्तू आमच्या हातून खराब व्हायला नकोत" ही सुरुवात चालते. शिवाय ती खोटीही नाही.

कारण या सामानात खरा धोका लाकडाचा आणि गाद्यांचा असतो. भिंतीवरून किंवा दिवाणाच्या पायावरून मातीची बारीक नळीसारखी रेघ वर गेलेली दिसली, तर ती वाळवी. लाकडावर बोटांनी टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तरी तोच संशय घ्यावा. लाकडाला टाचणीएवढी भोकं असतील आणि खाली पिठासारखा भुगा पडलेला असेल, तर लाकूड पोखरणारा भुंगा आहे. दिवाणाच्या सांध्यांत आणि गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसले तर ढेकूण. खोली बंद होती म्हणून ढेकूण मेले असतील, हा समज सोडावा. ते कित्येक महिने उपाशी राहू शकतात. म्हणून कामाचा क्रम पाळावा लागतो: आधी खोली रिकामी, मग पेस्ट कंट्रोल, शेवटी रंग. भरलेल्या खोलीत वाळवीचं औषध नीट मारता येत नाही. त्यासाठी भिंत आणि फरशी जिथं मिळतात तिथं भोकं पाडून औषध सोडावं लागतं आणि नेमक्या त्याच जागी कपाट उभं असतं. म्हणजे आपल्याला १ तारखेला राहायला जायचं असेल, तर खोली निदान आठवडाभर आधी मोकळी व्हायला हवी.

फोनवर बोलणं झालं की तेच लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावं. लांबलचक नको. "काका, नमस्कार. आज ठरल्याप्रमाणे कोठीच्या खोलीतला दिवाण, लोखंडी कपाट, ट्रंक, २ गाद्या आणि रद्दी २३ तारखेपर्यंत आपण हलवणार आहात. २४ला पेस्ट कंट्रोल, २५पासून रंगकाम. टेम्पो बघून देऊ का? खर्च आपल्याकडे. फोटो सोबत पाठवतो." यात वस्तूंची नावं आहेत, तारीख आहे, खर्च कुणाचा तेही आहे. "सामान लवकर काढा" या वाक्यात यातलं काहीच नसतं. टेम्पो आणि हमालांची सोय आपण करून दिली तर काम पुष्कळदा मार्गी लागतं, कारण नाशिकहून फोनवर ते जमवणं हीच मालकांची खरी अडचण असते. सोसायटीच्या लिफ्टमधून अवजड सामान न्यायला परवानगी आहे का, हेही आधी विचारून ठेवावं. काही मालक सामान काढतात आणि जिन्याखाली किंवा पॅसेजमध्ये रचून ठेवतात. मग सोसायटीचं पत्र येतं आणि भांडण राहणाऱ्याशी होतं.

मात्र या सगळ्याला जोर असतो तो अंगठा देईपर्यंतच. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून नोंदवावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. हल्ली एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो आणि दहा मिनिटांत काम उरकतं. मसुदा तयार साच्यातला असतो. त्यात घराचं क्षेत्रफळ पूर्ण लिहिलेलं असतं, घरातल्या वस्तूंच्या यादीत पंखे, दिवे, गीझर असतात, पण कोठीतल्या दिवाणाचा पत्ता नसतो. मसुदा आदल्या दिवशी मागून घ्यावा आणि त्यात एक वाक्य घालायला सांगावं: कोठीची खोली अमुक तारखेपर्यंत रिकामी करून दिली जाईल. अनामत रकमेचा मोठा हिस्सा चावी आणि रिकामी खोली एकत्र मिळाल्यावर द्यायचा, हेही त्यातच. वर दिलेल्या उदाहरणात १० हजार टोकन देऊन उरलेले ७४ हजार त्या दिवसासाठी राखून ठेवता येतात. सगळी रक्कम आधीच देऊन बसलेल्या भाडेकरूच्या फोनला मालकाला घाई नसते.

मालक स्पष्टच नाही म्हणाले तर? मग खोली त्यांची त्यांनी कुलूप लावून ठेवावी आणि ती करारातून वगळावी. हिशेब सोपा आहे. ७०० फुटांचं भाडं २८ हजार, म्हणजे फुटाला ४० रुपये. कोठी ४८ फुटांची, म्हणून दरमहा १,९२० रुपये आणि अकरा महिन्यांचे २१,१२० रुपये. मालक तेवढं सगळं कमी करतीलच असं नाही, पण आकडा समोर ठेवला की हजार-दीड हजारावर तडजोड होते. एवढं झालं तरी ते कुलूप उघडायला कधी येणार आणि आधी कळवणार का, हे लिहून घ्यायला हवं. नाहीतर रविवारी दुपारी मालकांचा भाऊ ट्रंक शोधायला दारात उभा राहतो.

तिसरा मार्ग म्हणजे सामान तिथंच, आपल्या ताब्यात. हा मला सगळ्यांत कमी पसंत आहे. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की, भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १५१नुसार, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तिची घ्यावी लागते. ट्रंकेत पितळी भांडी किती होती, चांदीचं ताम्हन होतं की नव्हतं, हा वाद घर सोडताना उपटतो. तेव्हा अनामत मालकाच्या हातात असते. हाच मार्ग घ्यावा लागला तर ट्रंक मालकांच्या समोर उघडून यादी करावी, नंतर तिला त्यांचंच कुलूप लावावं. ओल आणि वाळवीनं होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी भाडेकरूवर नाही, हे करारात लिहून घ्यावं. कागदपत्रं, दागिने, बँकेची पासबुकं मात्र कुठल्याही अटीवर ठेवून घेऊ नयेत.

तारीख उलटली आणि खोली तशीच राहिली, तरी आपणच भंगारवाल्याला बोलवायचा मोह आवरावा. मालक "टाकून द्या हो" असं फोनवर म्हणाले असले, तरी ते त्यांच्याकडून लिहून घेतल्याशिवाय एक गादीसुद्धा खाली जाऊ देऊ नये. चावी घेताना कोठीचा, वरच्या माळ्याचा आणि दारामागच्या कोपऱ्याचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकांना पाठवावा. माळा तर हमखास विसरला जातो.