बँकेच्या काउंटरवर इंग्रजीतून

साताऱ्याची एक मुलगी नोकरीसाठी चेन्नईला गेली आहे आणि तिला बचत खाते उघडायचे आहे, असे समजा. काउंटरवर तमिळ चालते किंवा इंग्रजी. तिथले बोलणे साधारण असे होईल :

ग्राहक : गुड मॉर्निंग. आय वुड लाइक टू ओपन अ सेव्हिंग्ज अकाउंट.
अधिकारी : शुअर. डू यू हॅव युअर आधार अँड पॅन?
ग्राहक : येस. बट माय आधार हॅज माय सातारा अ‍ॅड्रेस.
अधिकारी : दॅट्स ओके. यू कॅन गिव्ह अ डिक्लरेशन फॉर युअर करंट अ‍ॅड्रेस.
ग्राहक : इज देअर अ मिनिमम बॅलन्स?
अधिकारी : येस. अ मंथली अ‍ॅव्हरेज बॅलन्स ऑफ टेन थाउजंड रुपीज.
ग्राहक : सॉरी, कुड यू एक्सप्लेन दॅट, प्लीज?

‘आय वॉन्ट’ म्हटले तरी काम होते, पण ते हुकूम सोडल्यासारखे वाटते. ‘आय वुड लाइक टू’ या सुरुवातीत विनंती आहे. पुढे ‘ओपन अ‍ॅन अकाउंट’, ‘डिपॉझिट कॅश’, ‘अपडेट माय पासबुक’ असे हवे ते काम जोडता येते.

पत्त्याची गोष्ट आपणहून सांगणे चांगले. आधारची पडताळणी बोटांच्या ठशांनी बँकेतच झाली, तर सध्याच्या पत्त्यासाठी स्वतःचे लेखी निवेदन चालते. ‘डिक्लरेशन’ म्हणजे तेच.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शिलकेचा. ‘मंथली अ‍ॅव्हरेज बॅलन्स’ म्हणजे खात्यात रोज 10,000 रुपये पडून राहिलेच पाहिजेत, असे नाही. रोज दिवसअखेरची शिल्लक मिळवून बेरजेला महिन्याच्या दिवसांनी भागतात. तीस दिवसांच्या महिन्यात पंधरा दिवस 20,000 रुपये राहिले आणि उरलेले पंधरा दिवस खाते रिकामे असले, तरी सरासरी 10,000 भरते. ती कमी पडली तर काय, हे आधीच विचारावे : ‘व्हॉट इज द चार्ज इफ माय बॅलन्स फॉल्स शॉर्ट?’

एवढी शिल्लक ठेवणे जमणार नसेल, तर विचारावे : ‘कॅन आय ओपन अ बेसिक सेव्हिंग्ज अकाउंट?’ रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकांनी असे खाते द्यायचे असते. त्यात किमान शिलकेची अट नसते, एटीएम कार्ड विनाशुल्क मिळते आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढणे मोफत असते. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही.

शेवटी अधिकारी विचारेल, ‘हू इज युअर नॉमिनी?’ म्हणजे आपल्या पश्चात पैसे कोणाच्या हाती द्यायचे. ‘माय मदर’ एवढे उत्तर पुरते; नाव आणि जन्मतारीख अर्जात लिहायची असते.

सहीसाठी कागद पुढे आले, की ‘व्हॉट इज धिस फॉर्म फॉर?’ हे प्रत्येक कागदासाठी विचारा. त्यात विम्याचा अर्ज निघाला आणि तो नको असेल, तर ‘नो, थँक यू. ओन्ली द सेव्हिंग्ज अकाउंट’ असे स्पष्ट सांगा आणि त्यावर सही करू नका.