सकाळी चाल, संध्याकाळी वजनं

डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने सकाळी फिरायला जावं की संध्याकाळी जिम गाठावी? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या शिफारशींना दोन्ही हवं आहे: आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान 2 दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा. पहिला हिशेब पाच सकाळी अर्धा-अर्धा तास चालून पुरा होतो. चाल मात्र अशी हवी की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. चहाच्या टपरीपर्यंत गप्पा मारत केलेली रपेट मी तरी यात धरणार नाही.

चालण्याने पाठ, खांदे, दंड यांना फारसं काम पडत नाही. त्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी जिम: बैठका, वजन ओढणं, वजन ढकलणं. प्रत्येक प्रकार दहा-बारा वेळा. शेवटच्या दोन-तीन वेळा जड जायला हव्यात. पाठीला बाक येऊ लागला, तर वजन जास्त झालं. आणि साडेनऊला घाम गाळून आल्यावर रात्री झोपच लागत नसेल, तर शुक्रवारची पाळी रविवारी सकाळी न्यावी.