दहा किलोच्या जोरावर अडीच टन

ट्रकचं मागचं चाक पंक्चर झालं की क्लीनर बाटलीसारखा ठेंगणा जॅक अॅक्सलखाली सरकवतो, दांडा अडकवतो आणि वरखाली करू लागतो. माल भरलेली गाडी हळूहळू उचलली जाते. जॅकच्या पोटात मोटर नाही, स्प्रिंग नाही. आहे ते फक्त तेल आणि दोन दट्ट्ये, एक लहान, एक मोठा.

समजा, लहान दट्ट्याचा व्यास १ सेंटिमीटर आणि मोठ्याचा ४ आहे. व्यास चौपट, म्हणून क्षेत्रफळ सोळापट. क्लीनर दांड्यावर १० किलोचा भार देतो. दांडा ही तरफच असल्याने लहान दट्ट्यावर त्याचे पंधरापट, म्हणजे १५० किलो होतात. त्यामुळे तेलात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १९० किलो दाब तयार होतो. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कालने सतराव्या शतकात मांडलं. तोच दाब मोठ्या दट्ट्याच्या सोळापट क्षेत्रफळावर पडला की २४०० किलो उचलले जातात. घर्षणात त्यातलं थोडं जातं, ते सोडून देऊ.

फुकट मात्र काही मिळत नाही. दांड्याचं टोक २४ सेंटिमीटर खाली आलं की लहान दट्ट्या १.६ सेंटिमीटर सरकतो आणि गाडी उचलली जाते अवघी एक मिलिमीटर. जोर २४० पट झाला, अंतर तितक्याच पटीनं घटलं. गाडी १० सेंटिमीटर उचलायची तर दांडा शंभर वेळा मारायचा. दांडा वर घेताना तेल मागे येऊ नये म्हणून मध्ये एकेरी व्हॉल्व्ह असतो. दुसऱ्या व्हॉल्व्हमधून टाकीतलं नवं तेल लहान दट्ट्याखाली ओढलं जातं.

तेल अजिबात दबत नाही असं म्हणतात, पण ते काही तंतोतंत खरं नाही. एवढ्या दाबाखाली ते साधारण एक टक्का आकसतं. हवा मात्र त्याच दाबाखाली जवळपास एकशे नव्वदाव्या हिश्शात मावते. म्हणून पंपात हवा शिरली की घोटाळा होतो. दांडा खाली जातो, पण हवा नुसती दबते. वर घेतला की पुन्हा फुगते. व्हॉल्व्ह उघडतच नाही, दांडा मऊ लागतो आणि गाडी जागची हलत नाही. तेल कमी असताना किंवा जॅक चुकीच्या बाजूवर आडवा करून वापरताना हे हटकून होतं. उपाय सोपा आहे. जॅकवर भार नसताना दाब सोडायचा स्क्रू सैल करायचा आणि दांडा भराभर मारायचा, म्हणजे हवा टाकीत निघून जाते. तेल कमी असेल तर ते भरून घ्यायचं.

उचललेली गाडी आपोआप हळूहळू खाली बसत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे सील झिजलेलं असतं किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचरा अडकलेला असतो. इतक्या दाबाखाली बारीकशा फटीतूनही तेल निसटत राहतं. बाहेरून कोरडा दिसणारा जॅकही आतल्या आत असा गळू शकतो, म्हणून गाडीखाली शिरण्याआधी चेसिसला लोखंडी घोडी लावतात.